धागा: सोनोग्राफीवरून अवघड इंट्युबेशनचा अंदाज – प्रबंधाच्या प्रस्तावात नमुना संख्या १०० पुरेल का?

निळावंती (धागाकर्ती)

नमस्कार. मी भूलशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या पहिल्या वर्षात आहे आणि प्रबंधाचा प्रस्ताव लिहीत आहे. विषय असा आहे: शस्त्रक्रियेपूर्वी मानेच्या सोनोग्राफीत त्वचेपासून एपिग्लॉटिसपर्यंतचे अंतर मोजायचे आणि त्यावरून लॅरिंगोस्कोपी अवघड जाईल का, हे किती अचूकपणे सांगता येते ते तपासायचे. अवघड म्हणजे कॉर्मॅक-लेहान श्रेणी ३ किंवा ४. पूर्वनियोजित शस्त्रक्रियेसाठी आलेले प्रौढ रुग्ण घेणार आहे.

नमुना संख्येसाठी मी पुढील सूत्र वापरले:

```
n = Z² × p × (1 − p) / d²
```

पूर्वीच्या अभ्यासांवरून सेन्सिटिव्हिटी ८५ टक्के धरली, चूक १० टक्के धरली आणि उत्तर ४९ आले. काही रुग्ण गळतील म्हणून ते दुप्पट करून १०० लिहिले. विभागातील बैठकीत हा आकडा मान्य झाला, परंतु वैज्ञानिक समितीने ‘नमुना संख्येचे समर्थन अपुरे आहे’ एवढाच शेरा देऊन प्रस्ताव परत पाठवला. नेमके काय अपुरे आहे ते कळत नाही. मंजुरीसाठी अर्ज करण्यापासून प्रबंध सादर करेपर्यंत माझ्याकडे साधारण २१ महिने आहेत.

मोजमाप

तुमचे गणित बरोबर आहे, पण ४९ हा आकडा कोणाची संख्या आहे ते पाहावे लागेल. सेन्सिटिव्हिटी म्हणजे ज्यांची लॅरिंगोस्कोपी खरोखर अवघड निघाली, त्यांच्यापैकी किती जणांना सोनोग्राफीने आधी ओळखले. म्हणजे त्या भागाकाराच्या खाली फक्त अवघड रुग्ण असतात. ४९ ही अवघड रुग्णांची संख्या आहे, एकूण रुग्णांची नव्हे.

आता अवघड रुग्ण शंभरात किती निघतात हा प्रश्न येतो. समजा ८ निघतात. मग ४९ अवघड रुग्ण मिळण्यासाठी ४९ भागिले ०.०८, म्हणजे सुमारे ६१३ रुग्ण लागतील. रोगनिदान चाचणीच्या अभ्यासात प्रमाणाने भागण्याची ही पायरी बुडरर यांनी १९९६ मध्ये स्वतंत्र लेखात मांडली होती. समितीला बहुधा हीच पायरी दिसली नसावी. तुम्ही १०० रुग्ण घेतलेत तर त्यांत अवघड असे आठच मिळतील आणि आठ जणांवरून सेन्सिटिव्हिटी सांगणे म्हणजे जवळपास काहीच न सांगणे आहे.

पुढे जाण्याआधी एक काम करावे, असे सुचवतो. पूर्वप्रकाशित लेखांतील टक्केवारी बाजूला ठेवा आणि स्वतःच्या विभागातील भुलीच्या नोंदी उघडा. मागील तीन महिन्यांत तुमच्या निकषांत बसणाऱ्या प्रौढांची किती इंट्युबेशन झाली आणि त्यांत श्रेणी ३ किंवा ४ किती लिहिली आहे, ते मोजून इथे कळवा.

वैशाख

मला वाटते इतकी मोठी संख्या घेण्याची गरज नाही. आमच्या विभागात चूक ही अपेक्षित मूल्याच्या २० टक्के धरण्याची पद्धत आहे. ८५ च्या २० टक्के म्हणजे १७. सूत्रात १७ टक्के घातले की उत्तर १७ येते. मोजमाप म्हणतात त्याप्रमाणे ते ०.०८ ने भागले तरी साधारण २१२ रुग्ण पुरतात. दुसरा मार्ग याहून सोपा आहे. अवघड निघालेले ५० आणि सोपे निघालेले ५० असे दोन गट घ्यावेत, म्हणजे प्रमाणाचा प्रश्नच उरत नाही. केस-कंट्रोल ही मान्यताप्राप्त अभ्यासरचना आहे.

प्रा. देवदार

मी बरीच वर्षे प्रबंधांचे मार्गदर्शन करत आहे, म्हणून वैशाख यांच्या दोन्ही सूचनांवर थोडे सविस्तर लिहितो. दोन्हींत तथ्य आहे, पण या प्रश्नासाठी दोन्ही अपुऱ्या आहेत.

अपेक्षित मूल्याच्या २० टक्के चूक धरण्याची प्रथा एखाद्या आजाराचे प्रमाण शोधणाऱ्या पाहणीतून आली आहे. तिथे प्रमाण १० टक्के असेल तर चूक २ टक्के होते आणि ती वाजवी असते. सेन्सिटिव्हिटी ८५ टक्के असताना हीच प्रथा लावली की चूक १७ टक्के होते, म्हणजे तुमचा निष्कर्ष ६८ ते १०२ टक्के असा येणार. वरचे टोक शंभराच्या पुढे जाते, यातच या ठिकाणी ते सूत्र लागू पडत नाही हे दिसते. आणि खालचे टोक ६८ असेल, तर सोनोग्राफीने तीनपैकी एक अवघड रुग्ण हातून निसटतो की सातपैकी एक, हे तुम्हाला सांगता येणार नाही. भूलतज्ज्ञाला तर नेमके तेच जाणून घ्यायचे असते.

केस-कंट्रोलबद्दल सांगायचे, तर अवघड आणि सोपे हे आधी ठरवून मग सोनोग्राफी केली की मोजणाऱ्याला उत्तर माहीत असते. समजा ते त्याच्यापासून लपवले, तरीही अशा निवडीत दोन टोकांचे रुग्ण येतात: एका बाजूला आखूड, जाड मानेचे आणि दुसऱ्या बाजूला अगदी निर्धोक. मधले, ज्यांच्याबाबत खरोखर संभ्रम असतो ते, या रचनेत गळतात. त्यामुळे चाचणी प्रत्यक्षात असते त्यापेक्षा चांगली दिसते. शिवाय अशा रचनेतून पॉझिटिव्ह प्रेडिक्टिव्ह व्हॅल्यू काढता येत नाही, कारण ५०-५० हे प्रमाण तुम्हीच ठरवलेले असते. तरीही अनेक प्रबंधांत ती काढलेली दिसते आणि परीक्षक पहिल्यांदा तिथेच बोट ठेवतात. तुमच्या प्रश्नासाठी ओळीने येणारे सर्व पात्र रुग्ण घेणे, सोनोग्राफी आधी आणि लॅरिंगोस्कोपी नंतर करणे, हीच रचना योग्य आहे.

शल्यपथिक

मी शस्त्रक्रिया विभागातला आहे. माझा प्रबंध दोन प्रकारच्या टाक्यांची तुलना करतो आणि प्रत्येक गटात ३० रुग्ण घ्यायचे, असे मला सांगितले होते. ३० ही संख्या सगळीकडे चालते ना? मग इथे ६१३ कशासाठी?

मोजमाप

शल्यपथिक, तुमचा प्रश्न वेगळा आहे. तुम्ही दोन उपचारांतला फरक शोधता आहात, धाग्यातील प्रश्न एका चाचणीच्या अचूकतेचा आहे. तुमच्याकडेही ३० ही संख्या आपोआप चालत नाही. जखमेचा संसर्ग एका गटात २० टक्के आणि दुसऱ्यात १० टक्के होईल अशी अपेक्षा असेल, तर नेहमीच्या ८० टक्के पॉवरसाठी प्रत्येक गटात सुमारे २०० रुग्ण लागतात. वेदनेचे गुण किंवा टाके घालण्यास लागलेला वेळ यांसारखे मोजता येणारे परिणाम असतील आणि फरक मोठा असेल, तर ३० पुरू शकतात. आपण स्वतंत्र धागा काढलात तर त्यावर सविस्तर लिहीन. इथे निळावंती यांचा प्रश्न पुढे नेऊ.

निळावंती

नोंदी पाहिल्या. तीन महिन्यांत निकषांत बसणारी ३०० इंट्युबेशन झाली आणि त्यांत श्रेणी ३ किंवा ४ अशी २१ नोंदली आहेत. म्हणजे ७ टक्के. याच हिशोबाने ४९ भागिले ०.०७, म्हणजे ७०० रुग्ण होतात. मात्र ही संख्या संपूर्ण विभागाची आहे. माझ्या वाट्याला येणाऱ्या ओटीच्या दिवसांत मला यांतील पाचवा हिस्सा मिळेल, म्हणजे महिन्याला २० च्या आसपास. शिवाय मध्ये दोन महिने माझी नेमणूक अतिदक्षता विभागात आहे.

प्रा. देवदार

हे आकडे प्रस्ताव लिहिण्यापूर्वी हाती असायला हवेत आणि आता ते आहेत, ही चांगली गोष्ट झाली. आता वेळापत्रक मागून पुढे मांडू या. २१ महिन्यांतले शेवटचे तीन महिने लिखाण, मार्गदर्शकांचे वाचन आणि दुरुस्त्या यांना जातात. मार्गदर्शक एक प्रकरण वाचून परत देण्यास दोन-तीन आठवडे घेतात, हे गृहीत धरावे. त्याआधीचे दोन महिने नोंदी तपासणे आणि विश्लेषण यांना. सुरुवातीचे तीन महिने एथिक्स कमिटीच्या मंजुरीला, कारण बहुतेक प्रस्ताव एकदा तरी शंकांसह परत येतात आणि मंजुरीपूर्वी घेतलेला एकही रुग्ण अभ्यासात धरता येत नाही. एक महिना राखीव ठेवावा. उरले बारा. त्यांतून अतिदक्षतेचे दोन वजा केले की दहा. महिन्याला २० रुग्ण म्हणजे २००.

आणि हे २०० सुद्धा कागदावरचे आहेत. अमेरिकन वैद्यक लुई लॅसाग्ना यांच्या नावाने एक निरीक्षण प्रसिद्ध आहे: अभ्यास सुरू झाला की पात्र रुग्णांची संख्या एकदम घटते आणि तो संपला की पुन्हा वाढते. घटण्याची कारणे तुमच्या डोळ्यांसमोरच असतील: रुग्ण संमती देत नाही, सोनोग्राफीचे यंत्र दुसरीकडे असते, यादी आयत्या वेळी बदलते, तुम्ही रात्रपाळी करून उतरलेल्या असता. पण आत्तापुरते २०० धरा. त्यांत ७ टक्क्यांनी १४ अवघड रुग्ण मिळतील. त्यांपैकी १२ सोनोग्राफीने ओळखले असे समजा. सेन्सिटिव्हिटी ८६ टक्के येईल, पण तिचा ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटर्व्हल सुमारे ६० ते ९६ असेल.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. एका निवासी डॉक्टरने एका प्रबंधात सेन्सिटिव्हिटी हे प्राथमिक उद्दिष्ट ठेवून हा अभ्यास पुरा होणार नाही. उद्दिष्ट तरी बदला, नाहीतर रुग्ण गोळा करण्याची पद्धत बदला.

ऋतुजा भूलतज्ज्ञ

मी सध्या कन्सल्टंट म्हणून काम करते आणि एअरवे सोनोग्राफी नियमित करते. संख्याशास्त्राबद्दल बोलणार नाही, पण ओटीत काय घडते ते सांगते, कारण त्यामुळे तुमचे ७ टक्के आणखी कमी होऊ शकतात.

ज्या रुग्णाची मान जाड, तोंड कमी उघडणारे, मॅलमपाटी श्रेणी ४, त्याच्यासाठी वरिष्ठ भूलतज्ज्ञ बहुतेकदा थेट व्हिडिओ लॅरिंगोस्कोप घेतात. ते रुग्णाच्या सुरक्षिततेसाठी योग्यच आहे. पण कॉर्मॅक-लेहान श्रेणी १९८४ मध्ये साध्या, थेट लॅरिंगोस्कोपीसाठी मांडली गेली आहे आणि व्हिडिओवर तोच रुग्ण श्रेणी १ किंवा २ दिसू शकतो. मग तुमच्या यादीत तो ‘सोपा’ म्हणून नोंदला जाईल किंवा अभ्यासातून वगळला जाईल. दोन्ही प्रकारांत नेमके अवघड रुग्ण हरवतात. तीन महिन्यांच्या त्या ३०० नोंदींत व्हिडिओने केलेली किती होती आणि मानेवर दाब देऊन पाहिलेली श्रेणी लिहिली आहे की दाब न देता पाहिलेली, हे पुन्हा तपासा.

दुसरे असे, की लॅरिंगोस्कोपी करणाऱ्याला सोनोग्राफीचे माप कळता कामा नये. तुम्ही मोजणार आणि तुम्हीच ब्लेड घालणार असाल तर अभ्यासाला अर्थ राहत नाही. श्रेणी देणारी व्यक्ती निराळी हवी आणि तिच्या अनुभवाची किमान अट प्रस्तावात लिहायला हवी. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला श्रेणी ३ दिसते तिथे अनुभवी माणसाला श्रेणी २ दिसते.

वैशाख

केस-कंट्रोलचा आग्रह मी सोडतो. मग असे करता येईल का: सेन्सिटिव्हिटीऐवजी अवघड आणि सोप्या रुग्णांतील सरासरी अंतराची तुलना करावी. त्यासाठी कमी रुग्ण पुरतात आणि पी-व्हॅल्यूही मिळते.

मोजमाप

रुग्ण कमी पुरतात हे खरे आहे. दोन सरासरींतील फरक प्रमाण विचलनाच्या ०.८ पट असेल, तर सारख्या गटांत प्रत्येकी २५ रुग्ण पुरतात. निळावंती यांचे गट १४ आणि १८६ असे विषम असतील, तरी ते साधारण २६-२६ च्या गटांइतके काम करतात. म्हणजे २०० रुग्णांत हे उद्दिष्ट बसते.

पण याने प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. एवढा मोठा फरक खरोखर असला आणि पी-व्हॅल्यू उत्तम आली, तरी दोन गटांचे आलेख एकमेकांवर बरेच चढलेले असतात. ०.८ च्या फरकाला आरओसी वक्राखालील क्षेत्र साधारण ०.७१ येते. समोरच्या एका रुग्णाबाबत निर्णय घ्यायला ते कमकुवत आहे. ‘सरासरीत लक्षणीय फरक आढळला, म्हणून ही चाचणी वापरावी’ हे वाक्य अशा प्रबंधांच्या निष्कर्षात वारंवार येते आणि ते त्या आकड्यांतून निघत नाही. सरासरींची तुलना करायची असेल तर शीर्षकातून ‘अंदाज’ आणि ‘अचूकता’ हे शब्द काढावे लागतील.

निळावंती

ऋतुजा मॅडम, पुन्हा तपासले. ३०० पैकी ३८ ठिकाणी व्हिडिओ लॅरिंगोस्कोप वापरला होता आणि दाब दिला की नाही हे जवळपास कुठेच लिहिलेले नाही. म्हणजे ७ टक्के हा आकडासुद्धा पक्का नाही. ५ टक्के धरले तर ९८० रुग्ण होतात.

देवदार सर, उद्दिष्ट बदलायचे असेल तर याच विषयात राहून काय करता येईल? माझ्या मार्गदर्शकांना सोनोग्राफी सोडायची नाही आणि मलाही नाही.

प्रा. देवदार

मला दोन मार्ग दिसतात.

पहिला असा: हे अंतर मोजण्यात दोन व्यक्ती किती सहमत होतात, हाच मुख्य प्रश्न करा. एकाच रुग्णाचे अंतर तुम्ही मोजा आणि काही मिनिटांनी दुसऱ्या निवासी डॉक्टरने, तुमचे माप न पाहता, मोजावे. डोके किती मागे झुकवले, प्रोब किती दाबला, कोणत्या क्षणी प्रतिमा थांबवली, यावरून काही मिलिमीटरचा फरक पडतो. ज्या मापाच्या एखाद्या सीमारेषेवरून अवघड-सोपे ठरवायचे, त्यात दोन हातांमधलाच फरक मोठा असेल तर त्या सीमारेषेला काही आधार राहत नाही. यासाठी ब्लँड आणि ऑल्टमन यांची १९८६ पासून रूढ झालेली पद्धत आहे. तिच्यात १०० रुग्ण घेतले तर सहमतीच्या मर्यादा, फरकांच्या प्रमाण विचलनाच्या सुमारे ०.३४ पट इतक्या बारकाईने कळतात. ६० घेतले तर हे ०.४४ पट होते. म्हणजे तुमचे मूळचे १०० इथे खऱ्या समर्थनासह बसतात. या उद्दिष्टाला प्रत्येक रुग्ण उपयोगी पडतो, फक्त अवघड निघालेला नव्हे, आणि सगळा हिशोब त्यानेच बदलतो.

लॅरिंगोस्कोपीची श्रेणी तरीही नोंदवा आणि तिला दुय्यम, वर्णनात्मक उद्दिष्ट म्हणा. सेन्सिटिव्हिटी लिहाल तेव्हा तिच्यासोबत तो रुंद कॉन्फिडन्स इंटर्व्हलही लिहा.

दुसरा मार्ग संपूर्ण विभागाला घेऊन जाण्याचा आहे. महिन्याला १०० इंट्युबेशनपैकी ६० जरी पकडता आली, तरी ७०० ला बारा महिने लागतात. त्यासाठी रोज कोणीतरी प्रशिक्षित मोजणारा हजर हवा, म्हणजे किमान तीन निवासी डॉक्टर. शिवाय ते तिघे सारखे मोजतात हे आधी सिद्ध करावे लागते. म्हणजे दुसऱ्या मार्गावर जायचे असले तरी पहिला अभ्यास आधी हवाच.

ऋतुजा भूलतज्ज्ञ

पहिल्या मार्गाला माझेही अनुमोदन आहे, एक भर घालते. मंजुरीची वाट पाहण्याच्या तीन महिन्यांत हात बसवून घ्या. एपिग्लॉटिस सोनोग्राफीत बारीक, काळसर वक्र रेषेसारखी दिसते. तिच्या मागची हवेची चमकदार कड ओळखता आली की ती सापडते. मात्र नवशिक्याला पहिल्या काही रुग्णांत ती दिसतच नाही. ज्यांत ती नीट दिसली नाही अशा रुग्णांची संख्या लपवू नका, तो अभ्यासाचा निष्कर्ष आहे. त्यांचे काय करणार हे प्रस्तावातच लिहा.

मोजमाप

प्रस्तावात आणखी एक परिच्छेद असावा: रुग्ण अपेक्षेप्रमाणे मिळाले नाहीत तर काय करणार. पहिल्या मार्गात १० महिन्यांत १०० म्हणजे महिन्याला १०, तेव्हा चौथ्या महिन्याच्या अखेरीस ४० व्हायला हवेत. ते २५ च्या खाली असतील तर मोजणीत तिसरा निवासी डॉक्टर सहभागी करून घेऊ आणि त्यासाठी एथिक्स कमिटीकडे सुधारणा अर्ज करू, असे आधीच लिहून ठेवा. अपुरी संख्या दहाव्या महिन्यात लक्षात आली तर तिच्यावर काहीच करता येत नाही. मात्र मधल्या काळात निकाल उघडून पाहू नका, फक्त संख्या मोजा.

वैशाख

एक शंका राहते. दुसऱ्या मार्गात तीन निवासी डॉक्टरांनी एकत्र गोळा केलेल्या ७०० रुग्णांवर तीन निरनिराळे प्रबंध कसे होणार? प्रत्येकाचे उद्दिष्ट वेगळे असले तरी रुग्ण तेच. काही ठिकाणी हे मान्य होते, काही ठिकाणी एकाच माहितीची पुनरावृत्ती मानली जाते.

प्रा. देवदार

यावर माझ्या सहकाऱ्यांतही एकमत नाही. माझे मत असे, की प्रत्येक प्रस्तावात बाकी दोघांचा उल्लेख स्पष्टपणे असेल, उद्दिष्टे खरोखर वेगळी असतील आणि एथिक्स कमिटीने तिन्ही एकत्र पाहिले असतील तर हरकत नसावी. ‘वेगळी’ कशाला म्हणायचे यावर वाद होतो. सोनोग्राफीचे एक अंतर एकाला आणि दुसरे अंतर दुसऱ्याला वाटून देणे मला पटत नाही. पण मी सांगतो म्हणून पुढे जाऊ नका, समितीला लेखी विचारा.

निळावंती

आज मार्गदर्शकांशी बोलले. सहमतीचा अभ्यास प्राथमिक ठेवण्यास ते तयार आहेत. मात्र शीर्षकात अवघड लॅरिंगोस्कोपीचा उल्लेख राहावा असा त्यांचा आग्रह आहे. मी सध्या असे लिहिले आहे: ‘त्वचा ते एपिग्लॉटिस अंतराच्या सोनोग्राफिक मोजमापातील दोन निरीक्षकांची सहमती आणि त्या अंतराचा लॅरिंगोस्कोपीच्या श्रेणीशी असलेला संबंध: निरीक्षणात्मक अभ्यास’. प्रतिमा नीट न मिळणारे रुग्ण धरून ११० जणांना सहभागी करून घेणार आहे. श्रेणी देणाऱ्या भूलतज्ज्ञास किमान तीन वर्षांचा अनुभव असावा, श्रेणी दाब न देता नोंदवावी आणि व्हिडिओ लॅरिंगोस्कोप वापरलेले रुग्ण सहमतीच्या विश्लेषणात ठेवून केवळ दुय्यम विश्लेषणातून वगळावेत, असे लिहिले आहे.

मोजमाप

शीर्षकातला ‘संबंध’ हा शब्द चालेल, कारण तो अचूकतेचा दावा करत नाही. व्हिडिओचे रुग्ण दुय्यम विश्लेषणातून वगळाल, तेव्हा त्यांची संख्या आणि त्यांचे सरासरी अंतर स्वतंत्र ओळीत द्या. अंतर त्यांच्यातच सर्वांत जास्त असण्याची शक्यता आहे आणि वाचणाऱ्याला ते दिसले पाहिजे. कोणते दोघे मोजणार आणि प्रत्येक रुग्णात आधी कोण मोजणार हे चिठ्ठ्यांनी ठरवणार का, एवढे नक्की करून प्रस्ताव पुन्हा पाठवा.